खुराड्याचं दार लावलं का?

नमस्कार श्रोतेहो. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात माझी बालवाडी आहे. मुलं तीन ते पाच वर्षांची. आज तुमच्याशी बोलायचंय ते प्राणी आणि त्यांची घरं, या एका खेळाबद्दल. रेडिओवरून मी चित्रं काही दाखवू शकत नाही, तेव्हा ती तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. एका कार्डावर गाय, दुसऱ्यावर गोठा. एकावर कोंबडी, दुसऱ्यावर खुराडं. मुलानं जोड्या लावायच्या. पहिल्या वर्षी मी बाजारातला तक्ता आणला होता. त्यात बिबट्यासमोर गुहा होती. चार वर्षांच्या एका मुलीनं बिबट्याचं कार्ड उचललं, गुहेकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि थेट खिडकीत जाऊन उभी राहिली. खिडकीबाहेर ऊस. "बाई, याचं घर तिकडं," म्हणाली.

चूक तिची नव्हती, तक्त्याची होती. आमच्या भागात बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. दाट आडोसा असतो, पाटाचं पाणी जवळ असतं, आणि ऊस तोडायला येईपर्यंत कित्येक महिने तिथं माणसाची फारशी वर्दळ नसते. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडली, हे इथल्या मुलांनी घरात ऐकलेलं असतं. त्या दिवसापासून तक्ता भिंतीवरच राहिला आणि कार्डं मी हातानं करायला घेतली.

सामान घरातलंच. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापायचा. प्राण्याच्या कार्डावर फक्त प्राणी, भोवती कोरा कागद. घराच्या कार्डावर फक्त घर, आणि तेही रिकामं. हा रिकामेपणा मला चुकूनच शिकायला मिळाला. मी गायीच्या पायाशी हिरवं गवत रंगवलं होतं आणि गोठ्यापुढंही तोच हिरवा रंग दिला होता. मुलं पटापट जोडी लावायची, मी खूश. मग एकदा पायाशी गवत न रंगवता दुसरी गाय काढून दिली, तर तिघंजण अडले. ते गाय आणि गोठा जोडतच नव्हते, हिरव्याला हिरवं जोडत होते!

तेव्हापासून ही माझी परीक्षाच झाली. जोडी पाठ झाल्यासारखी वाटली की त्याच प्राण्याचं निराळं चित्र द्यायचं. काळ्या कोंबडीऐवजी पांढरी, उभ्या गायीऐवजी बसलेली. मूल तरीही बरोबर घरी गेलं तर त्याला कळलंय. अडलं तर त्यानं नुसतं चित्र लक्षात ठेवलंय.

तीन वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा तीनच प्राणी द्या. गाय, कोंबडी, मधमाशी. घरं मात्र चार मांडा: गोठा, खुराडं, पोळं आणि एखादं बीळ. घरं आणि प्राणी सारखेच ठेवले तर शेवटची जोडी विचार न करताच लागते, कारण दुसरं काही उरलेलंच नसतं. एक घर जास्त असलं की शेवटपर्यंत डोकं चालवावं लागतं. त्या तिघांत हात बसला की उंदीर आणा, मग सुगरण. आणि प्रत्येक जोडीच्या पाठीला एकाच रंगाची टिकली लावा. मुलानं जोडी लावून झाली की कार्डं उलटून स्वतःच पाहायचं. बाईच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. काही बिलंदर आधी टिकल्या बघतात आणि मग जोडी लावतात. अशांना आठवडाभर बिनटिकलीचा संच द्यायचा.

वारुळाचं कार्ड मी फार उशिरा आणते. बरेचजण वारुळासमोर नाग ठेवतात. पण ते मातीचं उंच वारूळ वाळवीनं बांधलेलं असतं. नाग खणत नाही, बांधत नाही, तयार जागेत शिरतो. आयत्या बिळावर नागोबा आपण म्हणतो ते उगीच नाही. मोठ्या गटात मी नाग आणि वाळवी दोन्ही कार्डं देते आणि विचारते, "बांधलं कुणी? राहतंय कोण?" तसंच घरट्याचं. पक्षी रोज रात्री घरट्यात निजतो असं आपण सांगतो. खरं तर बहुतेक पक्ष्यांचं घरटं हा अंड्यांचा आणि पिल्लांचा पाळणा. पिल्लं उडाली की ते ओस पडतं आणि पक्षी फांद्यांवर निजतात. सुगरणीचा खोपा तर नर विणतो, आणि मादी येऊन तो पारखते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे मुलांना लांबून दाखवले, तर त्या कार्डाबद्दल फार बोलावंच लागत नाही.

आता गोष्ट. जोडी बरोबर का, हे मुलांना गोष्टीतून कळतं. ही माझ्या वर्गासाठी रचलेली आहे. घराची कार्डं जमिनीवर ओळीनं मांडलेली असतात, आणि कापसाचं एक पिवळं पिल्लू माझ्या हातात असतं.

एक होतं कोंबडीचं पिल्लू. किडे टिपता टिपता लांब गेलं. अंधार पडला. "चिव चिव, चिव चिव, मी कुठं निजू?"

समोर गोठा. "गाईमावशी, इथं निजू?" गाय म्हणाली, "नीज की बाळा. पण मी रात्री कूस बदलते हं, पायाखाली येशील." पिल्लू निघालं. चिव चिव, चिव चिव, मी कुठं निजू?

खाली बीळ. "उंदीरदादा, इथं निजू?" "ये, पण वाकून ये." पिल्लानं डोकं घातलं, पोट अडकलं! मागं ओढून घेतलं. चिव चिव, चिव चिव, मी कुठं निजू?

फांदीला पोळं. "माश्यांनो, इथं निजू?" "गुं गुं, पाय चिकटतील! आणि आम्ही चावलो तर?" चिव चिव, चिव चिव, मी कुठं निजू?

वर खोपा. "सुगरणताई, इथं निजू?" "निजशील रे, पण वर येशील कसा? तुला उडता कुठं येतंय?"

तेवढ्यात लांबून आवाज आला, "क्लक क्लक, क्लक क्लक." पिल्लू धावलं. खुराड्यात आई पंख पसरून बसली होती. पिल्लू पंखाखाली शिरलं. ऊब लागली. निजलं.

"मी कुठं निजू" हे मुलांनी म्हणायचं, आणि प्रत्येक घरापाशी मी थांबते. "का नाही निजता येणार?" असं विचारते. उत्तर मुलांनी द्यायचं, मी नंतर. गोष्ट पाच मिनिटांची, पण या थांब्यांमुळे पंधरा लागतात. घाई केलीत तर फक्त "चिव चिव" तेवढं लक्षात राहतं.

परवा गोष्ट संपली, पिल्लू निजलं, मी कार्डं गोळा करायला लागले. तीच खिडकीवाली मुलगी हलेना. खुराड्याच्या कार्डावर तिनं हात ठेवला होता.

"बाई, दार लावलं का?"

मी चित्रात दार काढलंच नव्हतं. खडू घेऊन तिथंच काढलं. कडीसकट.