पिवळा रंग आधीचा, तांबडा नवा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रांनो आणि शिक्षकहो,

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाविषयी लावलेला शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, म्हणून आपण आज विज्ञान दिन साजरा करतो. योगायोग असा की महाराष्ट्रातल्या पुष्कळ झाडांच्या पानगळीचे हेच दिवस असतात. कॅनडात, अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा जपानमध्ये पानांचे रंग सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान पालटतात, कारण तेथे पुढे बर्फाचा हिवाळा असतो. आपल्याकडची बरीचशी पानगळ मात्र थंडीपेक्षा कोरड्या पडत चाललेल्या जमिनीमुळे होते. कारण वेगळे असले तरी पानाच्या आत जे घडते ते पुष्कळसे सारखेच असते, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा आणि तांबडा भाग जोमाने शोषते. हिरवा भाग त्या मानाने कमी शोषला जातो आणि परत फिरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. येथे एक दुरुस्ती करावीशी वाटते. पान हिरवा प्रकाश मुळीच वापरत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. जाड पानाच्या आत प्रकाश पेशीपेशींवर आदळत इतका फिरतो की हिरव्या प्रकाशाचाही मोठा भाग अखेर शोषला जातो. जो थोडा निसटतो तेवढ्यानेच पान हिरवे दिसते, कारण निळा आणि तांबडा प्रकाश त्याहूनही कमी उरलेला असतो.

हरितद्रव्य टिकाऊ नाही. उन्हात ते सतत मोडते आणि झाड ते सतत नव्याने तयार करते. जोवर ही भरपाई चालू असते तोवर पान हिरवे राहते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या किंवा मुळांना पाणी मिळेनासे झाले की भरपाई थांबते, आणि झाड उरलेले हरितद्रव्य स्वतःहून मोडायला घेते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पानातला नायट्रोजन झाडाला मौल्यवान असतो आणि त्यातला बहुतेक हरितलवकांतील प्रथिनांमध्ये असतो. बिऱ्हाड हलवताना माणसे जशी कामाच्या वस्तू आधी बाहेर काढतात, तसे झाड ही प्रथिने मोडून त्यांचा नायट्रोजन फांदीत आणि खोडात नेऊन ठेवते. परंतु यांतली कित्येक प्रथिने हरितद्रव्याला धरून असतात. ती सुटली की मोकळे हरितद्रव्य उन्हात ऊर्जा शोषत राहते आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देऊन पेशी जाळून टाकू शकते. म्हणून विकरांच्या साहाय्याने त्याच्या मध्यभागचे मॅग्नेशियम काढले जाते, भोवतीचे कडे फोडले जाते आणि उरलेले रंगहीन तुकडे पेशीच्या रिक्तिकेत साठवले जातात. गंमत अशी की हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात, पण ते त्या तुकड्यांतच राहतात आणि पानाबरोबर गळून जातात. हरितद्रव्य मोडले जाते ते प्रामुख्याने धोका टाळण्यासाठी.

हिरवा रंग ओसरला की पिवळा दिसू लागतो. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा, आणि ती पानात पहिल्यापासून असतात. हिरव्याच्या गर्दीत ती आपल्याला दिसत नाहीत, एवढेच. वॉर्सामध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली आणि तिच्यातून पानांचा अर्क खाली उतरवला, तेव्हा हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. हा प्रयोग तुम्ही शाळेतही करू शकता. हिरवे पान बारीक चिरून स्पिरिटमध्ये बुडवा आणि ती वाटी गरम पाण्यात ठेवा. स्पिरिट पेट घेते, म्हणून पाणी आधी तापवून घ्यावे आणि जवळ ज्योत ठेवू नये. अर्क गडद हिरवा झाला की त्यात टिपकागदाच्या पट्टीचे टोक बुडवून ठेवा. थोड्या वेळाने हिरव्या डागाच्या पुढे पिवळी कड सरकलेली दिसेल. स्पिरिटने रंग नीट सुटे होत नाहीत, कड अंधूकच येते. पण कालपर्यंत हिरव्या असलेल्या पानातही पिवळा रंग होता, एवढे सिद्ध करायला ती पुरेशी आहे.

तांबड्या रंगाची गोष्ट निराळी आहे. तो पानात आधीपासून लपलेला नसतो. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे पान किंवा अमेरिकेतील मॅपलचे पान तांबडे होते, तेव्हा ते मरणाच्या वाटेवर असताना अँथोसायनिन हे नवे रंगद्रव्य तयार करत असते. त्याच्यासाठी साखर लागते. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर पानात साखर बनते, आणि रात्र गार, पण गोठवणारी नसेल, तर ती रसवाहिन्यांतून सावकाश बाहेर जाते. म्हणून अशा हवेच्या वर्षी मॅपलची जंगले अधिक तांबडी होतात, आणि ढगाळ, उबदार हवा राहिली तर रंग फिका पडतो. अँथोसायनिन पाण्यात विरघळते, कॅरोटिनॉइड विरघळत नाही. त्यामुळे कोणता रंग कशाचा हे ओळखणे सोपे आहे. तांबडे पान पाण्यात उकळले की पाणी रंगते. त्यात लिंबू पिळले की तांबडेपणा वाढतो आणि खायचा सोडा टाकला की रंग निळसर-हिरवटाकडे झुकतो. पिवळ्या पानाचे पाणी असे रंग बदलत नाही. बदामाच्या पानात टॅनिन भरपूर असते, म्हणून त्याचे पाणी तपकिरी, गढूळ येते आणि हा बदल स्पष्ट दिसत नाही. ज्यांना तो नीट पाहायचा असेल त्यांनी तांबड्या कोबीचे पाणी शेजारी ठेवून तुलना करावी.

जे पान थोड्याच दिवसांत गळणार, त्यात झाड एवढा खर्च का करते? यावर दोन मते आहेत. पहिले असे की अँथोसायनिन उन्हाचा काही भाग अडवते आणि नायट्रोजन बाहेर काढण्याचे काम पुरे होईपर्यंत पेशींना वाचवते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या संशोधकांनी काही झुडपांच्या अँथोसायनिन न बनवणाऱ्या उत्परिवर्तित वाणांची साध्या झुडपांशी तुलना केली, तेव्हा कडक उन्हात या वाणांना पानातला नायट्रोजन कमी परत घेता आला. दुसरे मत उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांचे. त्यांच्या मते तांबडा रंग हा अंडी घालायला झाड शोधणाऱ्या माव्याला दिलेला इशारा आहे: हे झाड सशक्त आहे, येथे येऊ नका. मला पहिले मत अधिक पटते, कारण आपल्याकडे आंब्याची आणि कोशिंबाची कोवळी पालवीही अँथोसायनिननेच तांबूस असते. तेव्हा पान गळायचे नसते, तर त्याची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून अपुरी असते आणि त्याला उन्हापासून आडोसा हवा असतो. कोशिंबाचे झाड मार्चमध्ये पाहिले, तर हा क्रम उलटा चाललेला दिसतो: आधी तांबडे, मग फिके, आणि हरितलवके पुरी झाल्यावर हिरवे.