पडदा खिडकीचा नसतो, रॉडचा असतो

नमस्कार. चाळीस मिनिटांत कापड, शिलाई, रॉड, अस्तर असं सगळं सांगायचं ठरलंय. पण आधी माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण पडद्यांचा हिशोब मी तिच्यातूनच शिकले.

नव्या फ्लॅटमधली पहिली दिवाळी होती. खिडक्या तीन, हॉलची ६ फूट रुंद, दोन्ही बेडरूमच्या ४-४ फूट. दुकानदाराने तिथल्या तिथे हिशोब केला. एकूण १४ फूट, चुण्यांसाठी दुप्पट म्हणजे २८. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे ४ फूट, म्हणून ७ पॅनल. एका पॅनलला ९० इंच, बरोबर १६ मीटर. पानांच्या वेलीचं सुंदर कापड होतं, मी आनंदाने घेऊन आले.

शिवून आले आणि टांगले, तर पडदे दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे सपाट! खाली फरशीपासून सहा इंच वर. आणि हॉलमध्ये एका पॅनलवरचं पान शेजारच्या पॅनलवर चार बोटं खाली. मला रडूच आलं. आणखी कापड आणायला गेले तर तो लॉट संपलेला. नव्या लॉटचा हिरवा रंग जरासा पिवळट होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो फरक जाणवत नव्हता, घरी उन्हात लगेच दिसला. म्हणून सांगते, कापड एकदम एकाच ताग्यातून घ्या, मागाहून मिळेल या भरवशावर राहू नका.

चूक कुठे झाली ते पाहू. खिडकी ६ फूट असली तरी रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर जातो, नाहीतर कडेने ऊन येतं. म्हणजे हॉलचा रॉड ८४ इंच, बेडरूमचे ६०-६०. दुसरं, ४८ इंचाचा पन्हा कडा दुमडल्यावर ४४ इंचच उरतो. ३ पॅनल म्हणजे १३२ इंच कापड ८४ इंचाच्या रॉडवर, दीडपटीच्या जरा वर. चुण्या पडणार कुठून? दुप्पट हवी असेल तर हॉलला ४ पॅनल आणि बेडरूमना ३-३, एकूण १०. बेडरूममध्ये पडदा मधून उघडायचा असेल तर तिसरं पॅनल उभं अर्धं कापून दोन्ही बाजूंना जोडायचं.

आता उंची. रॉडपासून फरशीपर्यंत तयार पडदा ८४ इंच हवा होता. वर बकरम घालून दुमडायला ६, खाली ६, म्हणजे ९६ इंच कापायला हवं होतं. आमचं ९० होतं, तिथेच सहा इंच गेले. त्यात वेलीची नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा सुरू होत होती. प्रत्येक पॅनल नक्षीच्या त्याच जागेवरून कापायचं तर ९६ चालत नाहीत, २५ च्या पटीत १०० घ्यावे लागतात. १० पॅनल म्हणजे १००० इंच, साधारण साडेपंचवीस मीटर. माझ्या हातात होतं १६! साध्या, बिननक्षीच्या कापडाला साडेचोवीस पुरले असते. दुकानात जाल तेव्हा मीटर शेवटी काढा, आधी पॅनल मोजा. आणि रॉड ठोकून झाल्यावरच उंची घ्या, तीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. फरशी सरळ असतेच असं नाही.

अरे, पाचच मिनिटं उरली! मग पैशांचं पटकन. शिलाई पॅनलवर मोजतात, मीटरवर नाही. रॉड फुटावर. तो पाच फुटांच्या वर गेला की मध्ये एक ब्रॅकेट जास्त घ्या, नाहीतर वाकतो. आयलेटच्या रिंगा ४८ इंची पॅनलला ८ आणि दीड पॅनलला १२. आकडा सम हवा, विषम झाला तर एक कड भिंतीकडे न वळता खोलीत येते.

हिशोबासाठी दर धरू, तुमच्याकडचे घालून बघा. कापड ३०० रुपये मीटर, ७६५०. अस्तर १०० रुपयांचं २३ मीटर, २३००. अस्तरासकट शिलाई पॅनलला २५०, एकूण २५००. रॉड १७ फूट, फुटाला १००, म्हणजे १७००. रिंगा ८०, एक १५ ची, १२००. बेरीज १५,३५०. कापडाइतकाच खर्च बाकीच्याचा होतो, म्हणून बजेट कापडावरच संपवू नका.

आणि अस्तर पश्चिमेच्या खिडकीला तरी घालाच, उन्हाने रंग उडतो. मात्र खालची कड पडद्याला शिवून टाकू देऊ नका, सुटी ठेवायला सांगा आणि अस्तर इंचभर आखूड ठेवा. धुतल्यावर दोन कापडं सारखी आटत नाहीत, आणि कड जोडलेली असली की सगळा पडदा खालून गोळा होतो.