मटण सोडलं, तरी एलडीएल जागचं हललं नाही

माझ्याकडे बावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले होते. एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढून 152 निघालं तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं, लाल मांस बंद करा. त्यांनी आठवड्यातून दोनदा खाल्लं जाणारं मटण त्याच दिवशी सोडलं. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर 155. चिडून मला म्हणाले, "डॉक्टर, मग मटणानं काय घोडं मारलं होतं?" प्रश्न अगदी रास्त होता. आज त्यांचाच हिशोब तुमच्यासमोर मांडतो.

मी त्यांना विचारलं, मटणाच्या जागी काय आलं? चिकन. किती वेळा? "रोज रात्री, चिकनला काय होतंय!" कुठला भाग? मांडी, सालीसकट, साधारण 200 ग्रॅम. आणि सकाळी? सकाळी तीन सॉसेज, तेवढी पूर्वीपासूनच चालू होती. सॉसेजला कोणी लाल मांस म्हटलंच नव्हतं, त्यामुळे ती बंद करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

आता आकडे पाहू. एलडीएल वाढवण्यात आहारातला मुख्य वाटा असतो संपृक्त चरबीचा, पाकिटावर जिला सॅच्युरेटेड फॅट म्हणतात तिचा. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1985 साली नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत हे ग्राहक कमी करतं, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचाही परिणाम होतो, पण बहुतेकांमध्ये तो यापेक्षा कमी.

चरबी असलेल्या मटणाच्या 100 ग्रॅममध्ये संपृक्त चरबी 9 ग्रॅमच्या आसपास. हे गृहस्थ एका वेळी 150 ग्रॅम खायचे, आठवड्यात दोनदा. म्हणजे आठवड्याला 27 ग्रॅम, रोजची सरासरी 4 ग्रॅम. सालीसकट मांडीच्या चिकनमध्ये 100 ग्रॅमला 4 ग्रॅम, म्हणजे रोजच्या 200 ग्रॅममधून 8 ग्रॅम. मटण सोडून त्यांनी 4 ग्रॅम वाचवले आणि चिकनमधून 8 ग्रॅम आत घेतले. वर सॉसेजचे 9 ग्रॅम रोजचे ठरलेलेच. (हे सगळे आकडे शिजवलेल्या मांसाचे आहेत. कच्चं मोजलंत तर हिशोब चुकेल.)

तरीही त्यांचं मटण निर्दोष होतं असं नाही. फक्त रंगावरून निवाडा करता येत नाही. पांढरी चरबी काढून टाकलेला, कोरडा लाल मांसाचा तुकडा घेतला, तर त्यातली संपृक्त चरबी सालीसकट चिकनपेक्षा कमी असू शकते. याच मुद्द्यावर 2019 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. शंभराहून थोड्या जास्त निरोगी माणसांना प्रत्येकी चार आठवडे लाल मांसाचा, चार आठवडे पांढऱ्या, म्हणजे कोंबडीसारख्या मांसाचा आणि चार आठवडे मांसाशिवायचा आहार दिला. एका गटात संपृक्त चरबी जास्त ठेवली, दुसऱ्यात कमी. निकाल असा की संपृक्त चरबी सारखी ठेवली तर लाल आणि पांढऱ्या मांसाच्या एलडीएलमध्ये फरकच दिसला नाही, आणि दोन्हींपेक्षा मांसाशिवायच्या आहारात एलडीएल कमी होतं. माझ्या मते "चिकन खा, चिंता सोडा" या सल्ल्याला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. अर्थात हे फक्त एलडीएलपुरतं, तेही चार आठवड्यांचं. लाल मांसाचे इतर परिणाम हा वेगळा प्रश्न.

प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम. त्यात दोन गोष्टी एकत्र येतात. एक, बहुतेक सॉसेज-सलामीत चरबी मुद्दामच मिसळलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि काढताही येत नाही. मटणाची चरबी सुरीने निघते, सॉसेजची निघत नाही. दुसरी गोष्ट मीठ. त्याचा एलडीएलशी संबंध नाही, पण रक्तदाबाशी आहे, आणि एलडीएल वाढलेल्या माणसाला रक्तदाबही असला तर धमन्यांवर दुहेरी मार बसतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पुराव्यावर. म्हणून "आठवड्यात किती?" असं विचारलंत तर माझं उत्तर असतं, आठवड्याचा हिशोबच करू नका, महिन्यातून एखाद्या वेळेला ठेवा. कमी चरबीचं म्हणून विकलं जाणारंही यात धरतो, कारण मीठ तिथेही तेवढंच असतं.

माशाबद्दल एक गैरसमज आहे की मासे खाल्ले की एलडीएल उतरतं. तसं होईलच असं नाही. तेलकट माशातल्या ओमेगा-3 मुळे ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी कमी होते, पण एलडीएल जागचं हलत नाही, कधी किंचित वरही जातं. तरी मासा मी सांगतोच, कारण तो खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसतं आणि तो बहुधा चरबीच्या मांसाची जागा घेतो. आठवड्यातून दोनदा, त्यातला एकदा तेलकट. वाफवलेला, भाजलेला, थोड्या तेलात परतलेला चालेल. लोण्यात तळलात तर त्या लोण्याचाच हिशोब करावा लागेल.

पुन्हा आपल्या गृहस्थांकडे. सॉसेज पूर्ण बंद केली. चिकन आठवड्यातून चार वेळा, साल काढलेलं, छातीचं, 150 ग्रॅम. त्यातून एका वेळी दीड ग्रॅम संपृक्त चरबी येते. मासा दोनदा. उरलेल्या रात्री डाळ आणि कडधान्य. मटण त्यांना परत हवं होतं, म्हणून महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून. रोजचे 17 ग्रॅम उतरून दोनच्या आत आले. त्या उष्मांकांची जागा सुक्या मेव्यानं आणि करडई-सूर्यफुलासारख्या असंपृक्त तेलानं घेतली. हे महत्त्वाचं. तिथे मैदा आणि साखर आली असती तर फायदा बराच कमी झाला असता.

अपेक्षा किती ठेवायची? रोज 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसानं साधारण 2.2 ग्रॅम संपृक्त चरबी काढून तिथे असंपृक्त तेल घेतलं, तर एलडीएल सरासरी 2 अंकांनी उतरतं. या गृहस्थांनी काढलेल्या पंधरा ग्रॅमचे असे साधारण सात भाग, म्हणजे 14 अंक. 155 चे 141 व्हावेत. सहा आठवड्यांनी आलं 138, थोडी मदत कडधान्यातल्या तंतूंची असावी. एक-दोन अंकांच्या फरकावर मी भरवसा ठेवत नाही. त्याच माणसाचं एलडीएल काहीही न बदलता आठवड्या-आठवड्याला पाच-दहा अंक खालीवर होऊ शकतं, म्हणून एका तपासणीवर निकाल लावू नका, दोन पाहा.

मग प्रश्न उरतो, लाल मांस किती वेळा? कर्करोग टाळण्याच्या शिफारशींमध्ये आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅम ही वरची मर्यादा सांगतात. ज्यांचं एलडीएल वाढलेलं आहे त्यांना मी त्याच्या निम्म्याच्याही आत ठेवतो, चरबी काढलेलं, आठवड्यात एकदा.

आणि ज्यांचं एलडीएल 190 च्या वर आहे, घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, त्यांनी हा हिशोब करत बसू नये. तिथे यकृतावरच्या त्या ग्राहकांचा दोष जन्मजात असू शकतो. ताटातून चौदा अंक काढून 190 चे 176 होतील, आणि 176 ही धोक्याचेच. त्यांनी आहार पाळावाच, पण औषधासाठी डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावं.