डाव्या हातावरचा चट्टा, उजव्या हाताचा फोटो

[दृश्य: दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. घडांची विरळणी सुरू आहे. कॅमेरा हळूहळू काम करणाऱ्या हातांवर येतो.]

नाशिकच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत एका रंगाचा नसतो. बाहेरची बाजू उन्हाने रापलेली, आतली बाजू उजळ. घड्याळाच्या पट्ट्याखाली फिकट कडं, बांगड्या घासतात तिथे काळसर वळ. त्यात मोरचूद-चुन्याची फवारणी झालेली असेल तर त्वचेवर निळसर पांढुरका थर बसलेला असतो. अशा हातावर एक फिकट चट्टा दिसला, तर तो कशाच्या तुलनेत फिकट म्हणायचा?

उत्तर त्याच माणसाकडे असतं, दुसऱ्या हातावर, बरोबर त्याच जागी. तेच ऊन, तेच वय, तीच मूळ कांती. म्हणून चट्ट्याचा फोटो काढताना दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेचा फोटोही काढायचा. ऐकायला हे सोपं आहे, पण बहुतेक वेळा हा दुसरा फोटो असा काढला जातो की त्याच्याशी तुलनाच करता येत नाही.

[दृश्य: आरोग्य केंद्राची खोली. खिडकी, टेबल, करड्या रंगाचं साधं कापड.]

एक उदाहरण घेऊ. पस्तिशीच्या एक ताई, बागेत मजुरीला जाणाऱ्या. डाव्या हातावर, कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, साधारण 4 बाय 3 सेंटीमीटरचा फिकट चट्टा. खाज नाही, दुखत नाही. घरच्यांचं म्हणणं, औषधाचा हात लागला असेल.

पहिलं काम पुसण्याचं. ओल्या सुती कापडाने दोन्ही हात पुसून पाच-दहा मिनिटं कोरडे होऊ द्यायचे. फवारणीचा थर गेला की कधी कधी चट्टाही जातो. खोबरेल तेल लावलेलं असेल तर तेही पुसायचं, कारण तेलकट त्वचा चमकते आणि फोटोत ती चमक फिकटपणासारखी दिसते. मात्र जोरात चोळायचं नाही. चोळल्याने आलेली लाली फोटोत उतरते.

बांगड्या काढायला सांगू नये. बऱ्याच जणींना ते आवडत नाही आणि इथे त्याची गरजही नाही. त्या मनगटाकडेच राहू द्याव्यात, फक्त दोन्ही हातांवर सारख्या.

[दृश्य: मोजपट्टी. कोपराच्या टोकापासून मनगटाकडे.]

आता जागा. ‘साधारण तिथेच’ असं चालत नाही, कारण हाताची कांती चार बोटांच्या अंतरात बदलते. कोपराचं हाडाचं टोक हाताला लागतं, तिथून मनगटाकडे मोजायचं. या ताईंचा चट्टा 9 सेंटीमीटरवर सुरू होतो. उजव्या हातावर तेच टोक, तेच 9 सेंटीमीटर. त्या जागी पेनाने खूण करायची नाही. शेजारी कागदाची छोटी मोजपट्टी ठेवायची, मिलिमीटरच्या रेघा असलेली. बेंबी, स्तनाग्र, गुडघ्याची वाटी, घोट्याचं हाड, शरीरावर जिथे हाड किंवा ठरलेली खूण सापडते तिथून मोजलं की दोन्ही बाजू जुळतात.

हात ठेवण्याची पद्धतही तितकीच नेमकी हवी. एक तळवा पालथा आणि दुसरा उताणा असेल तर त्वचा वेगवेगळ्या दिशेने वळते आणि बाहेरची रापलेली बाजू आत सरकते. म्हणून दोन्ही तळवे टेबलावर पालथे, बोटं सरळ, कोपरं सारखी वाकलेली.

[दृश्य: ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या आहेत. दोन्ही हात खिडकीच्या दिशेने लांब केलेले.]

खरी गडबड होते ती उजेडात. खिडकी डावीकडे असेल तर डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूवर उजेड पडतो आणि उजव्या हाताची बाहेरची बाजू सावलीत जाते. मग उजवा हात काळा दिसतो, डावा आपोआप फिकट, आणि चट्टा नसतानाही फरक दिसू लागतो. उपाय फार साधा आहे. माणसाने खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि दोन्ही हात खिडकीच्या दिशेने लांब करायचे. आता उजेड बोटांकडून कोपराकडे येतो, दोन्ही हातांवर सारखाच. फोटो काढणाऱ्याने बाजूला उभं राहून फोन हातांच्या वर, टेबलाला समांतर धरायचा. खिडकी आणि हात यांच्या मध्ये यायचं नाही. फ्लॅश बंद.

आजूबाजूचे रंगही नडतात. हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या प्लॅस्टिकच्या छपराखाली काढलेल्या फोटोत त्वचा तशीच हिरवट-निळसर येते. लाल पदर हाताजवळ असेल तर त्याची लाली जवळच्याच हातावर पडते. ओळखायचं कसं? चौकटीत पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा. दोन्ही फोटोंत तो कागद सारखाच दिसला तर रंग जुळले. एकात पांढरा आणि दुसऱ्यात पिवळट आला, तर त्या जोडीवरून रंगाबद्दल काहीही बोलू नये. पुन्हा फोटो काढावा.

[दृश्य: फोनचा पडदा. प्रो मोड. WB, ISO.]

फोनचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. नेहमीच्या मोडमध्ये फोन प्रत्येक फोटोसाठी उजेड नव्याने ठरवतो. सावळा हात चौकटभर आला की तो उजळवतो, फिकट चट्टा मोठा आला की मंद करतो. त्याचं काम फोटो ‘छान’ करणं, आपलं काम दोन फोटो सारखे ठेवणं. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही हात एकाच चौकटीत घेतलेला फोटो, साधारण 50 सेंटीमीटरवरून. एका चौकटीत उजेडाचा हिशेब एकच असतो, त्यामुळे मला विचाराल तर तीन फोटोंत हाच सर्वांत मोलाचा. मग जवळचे दोन, आधी उजवा, मग डावा. त्यासाठी प्रो मोडमध्ये उजेड ठरवणारे ISO, शटर आणि रंगछटा ठरवणारं WB एकदा ठरवून तसेच ठेवायचे. WB 5500K ठेवलं तर दोन्हींना 5500K. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, दोन फोटोंमध्ये बदलता कामा नये. HDR आणि सौंदर्य खुलवणारे सगळे फिल्टर बंद, ते त्वचा गुळगुळीत करतात आणि चट्ट्याची कडाच पुसून टाकतात.

प्रत्येक चौकटीत चिठ्ठी असू द्या: ‘डावा’, ‘उजवा’ आणि तारीख. शेजारी शेजारी ठेवून पाहताना उजव्या हाताच्या फोटोची प्रत आडवी उलटवली तर दोन्ही हात एकाच दिशेचे दिसतात आणि नजरेला तुलना सोपी जाते. पण फक्त प्रत उलटवायची, मूळ फोटो नाही. चिठ्ठीवरची अक्षरं उलटी दिसली की समजतं, ही उलटवलेली प्रत आहे. सेल्फी कॅमेरा इथे वापरूच नये. काही फोनमध्ये तो चित्र आधीच उलटवून ठेवतो आणि डाव्याचं उजवं होऊन बसतं.

[दृश्य: दोन्ही हातांचे फोटो शेजारी शेजारी.]

आता ताईंच्या हातांकडे पाहू. दोन्ही हातांवर दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे ठिपके आहेत, पावसाचे थेंब उडावेत तसे विखुरलेले. डाव्या हाताचा एकटा फोटो पाहिला तर ते चट्ट्याचीच पिल्लं वाटतील. पण उजव्या हातावरही ते तसेच आहेत. वय वाढतं तसे, उन्हात राहणाऱ्या हातापायांवर असे ठिपके बऱ्याच जणांना येतात आणि ते निरुपद्रवी असतात. उजव्या फोटोने त्यांना बाजूला काढलं. दंडावरही असाच एक प्रकार दिसतो: गडद आणि उजळ त्वचेमधली सरळ उभी सीमारेषा. सावळ्या कांतीत ती अनेकांना जन्मजात असते. दोन्ही दंडांवर ती सारखीच असेल तर ती आजाराची खूण नाही.

मोठा चट्टा मात्र फक्त डावीकडे आहे. त्याच जागी उजवीकडे बारीक लव सारखी पसरलेली आहे, डावीकडे चट्ट्यात ती विरळ. हा फरक एकट्या फोटोत कुणाच्या लक्षात आला नसता, कारण काही जणींच्या हातावर मुळातच लव कमी असते. आपल्याकडे अशा चट्ट्यावर स्पर्श तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

[दृश्य: कापसाची वात. ताईंचे डोळे मिटलेले.]

आधी उजव्या हातावर, त्याच जागी कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा. लागलं तिथे डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचं. मग डाव्या हातावर, चट्ट्याबाहेर आणि चट्ट्यात. कामाने राठ झालेल्या हाताला हलका स्पर्श कमी कळू शकतो, म्हणून इथेही दुसरा हातच आधार. ताईंनी उजवीकडे दरवेळी अचूक बोट ठेवलं. डावीकडे चट्ट्यात त्यांना काही कळलंच नाही. बधिर भागाची कडा आता पेनाने ठिपके देऊन आखायची आणि आणखी एक फोटो घ्यायचा. खुणेशिवायचे फोटो आधी काढून झाले आहेत, हा क्रम मोडू नये.

फिकट किंवा लालसर आणि नक्की बधिर असलेला चट्टा हे कुष्ठरोगाचं मुख्य लक्षण आहे. निदान फोटो करत नाही, डॉक्टर करतात. ते कोपरामागच्या खोबणीतली नसही दोन्ही बाजूंनी चाचपून पाहतात, जाड झाली आहे का, दुखते का. कुष्ठरोगावरचं एमडीटी हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं.

[दृश्य: जुना अल्बम. पानं उलटणारा हात.]

दुसऱ्या बाजूवर किती विसंबायचं, यालाही मर्यादा आहे. एकाच बाजूला आहे म्हणजे नवीनच आहे, असं नाही. काही फिकट डाग जन्मापासून एकाच बाजूला असतात. अशा वेळी हळदीच्या फोटोतले उघडे हात बरंच काही सांगतात. उलट, दोन्हीकडे आहे म्हणजे काही नाही, असंही नाही. कोड बऱ्याचदा दोन्ही बाजूंना जुळून येतं आणि कुष्ठरोगाचा जंतू अंगात जास्त पसरलेला असेल तेव्हा चट्टेही दोन्हीकडे उमटतात. मग शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करावी लागते. शिवाय दोन हात मुळात जुळे नसतात. ट्रक चालवणाऱ्याचा उजवा हात खिडकीत असतो, तो जास्त रापतो. कात्री धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात. म्हणून फोटोसोबत एक ओळ लिहावी: कोणता हात कामाचा, कोणता उन्हाचा.

[दृश्य: तारखांप्रमाणे लावलेल्या फोटोंच्या जोड्या.]

पुढच्या भेटीत दोन्ही हातांचे फोटो पुन्हा काढायचे, फक्त चट्ट्याचा नाही. जानेवारीत काढणीच्या दिवसांत घेतलेला फोटो आणि मे महिन्यातला फोटो यांत आजूबाजूची त्वचा आणखी रापलेली असते, त्यामुळे चट्टा अधिक पांढरा भासतो. उजवा हातही तितकाच गडद झाला असेल तर बदल उन्हाचा. उपचार पूर्ण झाल्यावरही चट्टा पुसट होऊन राहू शकतो, तेव्हा औषध लागू पडलं की नाही हे रंगावरून ठरवत नाहीत.

लालीचं मात्र वेगळं आहे. उपचार चालू असताना किंवा नंतरही शरीराची प्रतिक्रिया उसळून चट्टा लाल होतो, सुजतो. सावळ्या त्वचेवर ती लाली सहज कळत नाही. दोन्ही हात सारखेच तांबूस आले असतील तर आधी फोनचं WB आणि कागदाचा तुकडा तपासा. एकटा डावाच तांबूस आणि फुगीर दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण अशा वेळी नसेला इजा होऊन बोटांची ताकद जाऊ शकते.