सा ला कोमल कुठं असतो?

(एका वाचनालयाच्या सभागृहातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय, 'वहीच्या फाटक्या पानावरून गाणं कसं ओळखावं'. कार्यवाहांनी वेळ दिलाय वीस मिनिटं, आणि माझ्या पेटीला सूर लागायलाच दहा लागतात. म्हणून पेटी घरी ठेवूनच आलो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुनी पेटी विकत घेतली की खोक्यात हटकून काहीतरी कागद निघतो. शब्द नसतात, नुसते सूर. पेटीवाल्याला शब्दांची गरजच काय, शब्द गाणाऱ्याकडं. माझ्या पेटीतही असं एक पान निघालं. तिरकं फाटलेलं, तीन ओळी उरलेल्या. पहिली 'सा रे ग ग ग', पुढं फाटलंय. दुसरी 'ग म प प प', पुन्हा फाटलंय. तिसरी मात्र पूर्ण: 'ग ग रे रे रे रे नि रे सा'. जवळजवळ प्रत्येक स्वराखाली आडवी रेघ आणि तिसऱ्या ओळीतल्या नि वर टिंब.

आता रेघ दिसली की माझ्यासारखा माणूस काय म्हणणार? कोमल! भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवर वाढलेला मी, तिथं स्वराखालची रेघ म्हणजे कोमल. रे कोमल, ग कोमल, नि कोमल, म्हणजे भैरवी. भैरवी म्हणजे नाटकाचं शेवटचं पद. आणि नाटक म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यात दुसरं कोण आठवणार? अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे! माझ्या डोक्यात तर 'हरवलेलं किर्लोस्करी पद' असा मथळाही तयार झाला. नि वर टिंब होतं ते तार सप्तकाचं धरलं. म्हणजे मधल्या रे वरून तार नि, पावणेदोन सप्तकांची उडी, आणि लगेच परत खाली. म्हटलं, काय एकेकाचे गळे होते त्या काळी! (हसू नका, हे मी चार पानी लेखात लिहिलं होतं. एका दिवाळी अंकानं तो छापायला घेतला, तो त्यांचा दोष. शुद्धिपत्र छापलं नाही, तोही त्यांचाच.)

पुतणी संगीताच्या परीक्षेला बसलेली. तिनं पान बघितलं न् म्हणाली, "काका, सा ला कोमल कुठं असतो?"

बघतो तर पहिल्या ओळीत सा खाली रेघ. दुसरीत प खालीही रेघ. सा आणि प अचल स्वर, त्यांना कोमल असतच नाही. रेघ मला आधी दिसली नव्हती असं नाही, पण पेन घसरलं असेल म्हणून मी सोडून दिली होती. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं.

ते पान पलुस्कर पद्धतीचं होतं. विष्णु दिगंबर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांच्या लिपीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा. डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला स्वर. भातखंड्यांच्या बरोबर उलट. तिथं मंद्राचं टिंब खाली आणि तारेचं वर. पलुस्करांकडं कोमलाला पाय मोडल्यासारखी खूण असते, आणि माझ्या पानावर तसली एकही खूण नव्हती. म्हणजे सगळे स्वर शुद्ध, आणि नि सा च्या लगतचा, खालचा. ती पावणेदोन सप्तकांची उडी गेली आणि रे ते नि दीड स्वराचं अंतर उरलं.

पुतणीनं शुद्ध स्वरांत पहिली ओळ वाजवली. सा रे ग ग ग... आणि ती पेटी सोडून उभीच राहिली. 'तव शुभ नामे'! तिसरी ओळ 'गाहे तव जयगाथा'. माझं हरवलेलं किर्लोस्करी पद म्हणजे आपलं राष्ट्रगीत! गाणं तेच असतं तर दुसऱ्या ओळीत ग वरून म, प असं चढायला हवं आणि गाथाच्या 'गा' वर नि रे असे दोन स्वर यायला हवेत. तेही बसलं. (याच गाण्यात मराठा आणि द्राविड एकापाठोपाठ येतात, हेही आपण सीमाभागातल्यांनी ऐकून ठेवावं.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, जे सांगायचं होतं ते आता पळत पळत.

पान हातात आलं की आधी राग शोधू नका, लिपी शोधा. सा आणि प खाली रेघ आहे का बघा. असेल तर ती मात्रेची. मग टिंबाचे दोन्ही अर्थ लावून वाजवून बघा. ज्यात गळ्याला न झेपणाऱ्या उड्या येतात, तो अर्थ चुकीचा. ताल लिहिला असेल तर तिथंही फसगत आहे: भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुलीसारखी खूण करतात, आणि पलुस्करांकडं अधिकाची खूण म्हणजे तालातली 'खाली', बिनटाळीची जागा. हातानं घाईत काढलेल्या दोन्ही खुणा सारख्याच दिसतात.

नंतर मात्रा मोजा. नुसत्या 'ग रे सा' वर शंभर गाणी बसतात; पण कुठला स्वर एक मात्रा, कुठला दोन, हे कळलं की त्यातली बहुतेक गळतात. शब्दांच्या अक्षरांशी पडताळा याच टप्प्यावर घेता येतो.

कन्नड अक्षरांतल्या वह्या. यावर अर्धा तास हवा होता. कर्नाटकी पद्धतीत ध ऐवजी द दिसेल, स्वल्पविराम म्हणजे आधीच्याच स्वरावर थांबणं, दीर्घ अक्षर म्हणजे दुप्पट काळ. पण कोमल-शुद्धाची खूण बहुधा स्वरावर नसतेच, ती वरच्या रागाच्या नावातून कळते. वरचा भाग फाटला असेल तर स्वरांवरून चाल लागते, राग लागत नाही. मग त्याच चालीची दुसरी वही शोधायची.

कार्यवाह उभे राहिले, म्हणजे मी बसायला हवं. ज्यांनी पानं आणलीत त्यांनी बाहेर चहाजवळ भेटा. फक्त कपबशी कागदावर ठेवू नका, नि वरचं टिंब कुठलं आणि चहाचं कुठलं, ते मला कळणार नाही.