बाणेरच्या भाड्याच्या दरांचं स्क्रेपिंग: काम, कायदा आणि कोटेशन

स्क्रेपिंग म्हणजे वेबसाइटवरची माहिती स्क्रिप्टने गोळा करणं. त्यातलं एकच काम शेवटपर्यंत बघूया. पुण्यात घरं भाड्याने लावून देणारी एखादी छोटी कंपनी सांगते, "बाणेर, वाकड, खराडी या भागांतल्या भाड्याच्या सगळ्या जाहिराती दोन पोर्टलवरून रोज एक्सेलमध्ये हव्यात. मालकांचे मोबाइल नंबरही टाका." अशा मागणीत वाक्य दोन असतात आणि कामंही दोन वेगळी असतात. पहिलं दरांचं, दुसरं माणसांचं. कोटेशन देण्याआधी ती वेगळी करून घ्या.

क्लायंटला खरं तर काय ठरवायचंय ते विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, "दोन बीएचकेला काय भाडं सांगायचं ते." मग त्यासाठी भाग, सोसायटी, बीएचके, कार्पेट एरिया, भाडं, डिपॉझिट, फर्निचर आणि तारीख एवढे रकाने पुरतात. नंबर लागतच नाहीत. रोजचंही बघा: भाडं रात्रीत बदलत नाही, आठवड्यातून एकदा आणलं तरी चालतं. तेवढ्यानेच साइटवरचा ताण आणि तुमचं काम दोन्ही कमी होतं.

नंबरांबद्दल मी ठाम आहे, ते घेऊ नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एखाद्याने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला सूट आहे. पण मालकाचा नंबर एजंटने टाकला असेल तर तो मालकाने स्वतः जाहीर केला असं म्हणता येत नाही, आणि जाहिरातीकडे बघून कुणी टाकला ते तुम्हाला कळत नाही. त्यात नंबर लॉगिनमागे असेल तर प्रश्न आणखी वाढतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये संगणकाच्या मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय त्यातला डेटा उतरवून घेणं येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम 66 लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साइटच्या अटी आधी वाचा. त्यात मनाई असेल तर क्लायंटला पोर्टलकडून लेखी परवानगी किंवा अधिकृत एपीआय, म्हणजे डेटा घेण्याची पोर्टलनेच दिलेली वाट, मिळवायला सांगा. साइटवरची `robots.txt` ही फाइल कायदा नाही, पण स्क्रिप्टने कुठे जावं आणि कुठे नाही ही साइटची इच्छा तीत लिहिलेली असते. मनाई केलेल्या पत्त्यांवर जाऊ नका. कॅप्चा चुकवून आत शिरणं तर सरळ नाकारा. फोटो आणि वर्णनाचा मजकूर यांवर कॉपीराइट असू शकतो, म्हणून आकडे घ्या, मजकूर नको.

परवानगी आहे असं धरून पुढे जाऊ. समजा 2,400 जाहिराती आहेत. चार सेकंदांना एक विनंती पाठवली तर 9,600 सेकंद, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं लागतात. रात्री निवांत होतं. साइटने `429` कोड दिला, म्हणजे विनंत्या फार झाल्या असं सांगितलं, तर थांबा. सोबत `Retry-After`, म्हणजे किती वेळाने परत यायचं ते, आलं असेल तर तेवढा वेळ पाळा. आयपी बदलून रेटत राहणं म्हणजे समोरच्याचा नकार मोडणं.

खरी कसोटी इथून पुढे लागते. स्क्रिप्ट बंद पडली तर लगेच कळतं. चुकीचा डेटा बिनबोभाट येत राहिला तर कळत नाही. पानाची रचना बदलली तरी कोड `200`, म्हणजे सगळं ठीक, असाच येतो आणि भाड्याचा रकाना रिकामा राहतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर एकूण ओळी आणि रिकाम्या रकान्यांचं प्रमाण मागच्या फेरीशी ताडा; रिकामं भाडं दोन टक्क्यांवरून एकदम तीस टक्क्यांवर गेलं तर फाइल पाठवू नका. भाडं कधी "28,000", कधी "28 हजार", कधी "0.28 लाख" असं येतं. एरियात तर मोठा घोळ: कुणी कार्पेट लिहितो, कुणी बिल्टअप, आणि दोन्ही एकाच रकान्यात पडले की प्रति चौरस फूट दर निरर्थक होतो. शिवाय एकच फ्लॅट तीन एजंट टाकतात. सोसायटी, मजला, बीएचके आणि एरिया जुळले की ओळ "संशयित दुबार" म्हणून खुणावा. परस्पर काढून टाकू नका, कारण एकाच मजल्यावर सारखे दोन फ्लॅटही असतात.

आता पैसे. क्लायंट म्हणेल, "ओळीला 25 पैसे." म्हणजे एका फेरीचे 600 रुपये, आणि वर सांगितलेली तपासणी फुकट. दर तासांवर बांधा. पाहणी आणि अटी वाचणं 3 तास, स्क्रिप्ट 8, साफसफाई 7, तपासणी आणि सोपवणं 4, झाले 22. तासाला 700 रुपये धरले तर 15,400. काम चालू असताना साइट बदलण्याच्या जोखमीचे वीस टक्के धरून 18,480. तासाचा दर तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला, पण ही फोड कोटेशनमध्ये दिसू द्या. मग घासाघीस झाली तरी रकाने कमी होतात, तुमची मजुरी नाही.

देखभाल यात धरू नका. महिन्याला 4 तास म्हणजे 2,800 रुपये, सर्व्हरचा खर्च वेगळा, आणि पानाची रचना मुळापासून बदलली तर नवं कोटेशन. आगाऊ रक्कम घेऊन आधी 200 ओळींचा नमुना द्या आणि "हेच रकाने, हाच आकार" अशी ईमेलवर संमती घ्या. क्लायंटने नंतर "आता नंबरही टाका" म्हटलं, तर त्याच ईमेलवर बोट ठेवता येतं.