पेटी उघडल्यावर

मार्च सरत आलाय. बाहेर सोलापूरचं ऊन, आत शीतगृहात पारा शून्याजवळ. नान्नजकडच्या एका बागायतदाराच्या दोनशे पेट्या पाच आठवड्यांपासून इथं आहेत. प्रत्येक पेटीत चार किलो थॉमसन द्राक्षं.

तपासणी थंड खोलीतच चालते. पेटी बाहेर आणली की गार मण्यांवर दव साचतं, आणि करडी बुरशी ओलाव्याचीच वाट बघत असते. ही बुरशी थंडीत मरत नाही, फक्त सावकाश वाढते.

हा मणी बघा. एवढासा तपकिरी डाग, बुरशीची लव कुठंच नाही. अंगठ्यानं हलकं दाबलं की साल गरावरून सरकते. ही पहिली खूण. राखाडी लव दिसेपर्यंत थांबलात, तर शेजारचे मणी बहुधा गेलेले असतात, कारण बुरशी मण्याला मणी चिकटून पसरते. म्हणून कात्री लावताना सडका मणी निघतोच, पण त्याला टेकलेले चांगले दिसणारे मणीही निघतात. घडाच्या पोटात ओल लागली, तर अख्खा घड जातो. "जीव तुटतो हो," बागायतदार म्हणतात, "पण एक घड वाचवायला गेलं की पेटी जाते."

सुरकुतलेल्या मण्याची गोष्ट वेगळी. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी देठाकडून आकसतो. पाणी उडालंय, सड नाही. वास आणि साल ठीक असेल तर तो खायला चालतो. पंढरपूरकडं तर पाणी मुद्दाम घालवूनच बेदाणा करतात. फक्त असा माल आणखी साठवायचा नाही.

आता हिशेब. थप्पीच्या वरच्या, मधल्या, तळाच्या थरांतून दहा पेट्या काढल्या. चाळीस किलोतून सहाशे चाळीस ग्रॅम सड निघाली. म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. या आकड्यावर निर्धास्त झालो असतो, तर फसलो असतो. सहाशे ग्रॅम एकट्या पेटीतले होते, तळाच्या रांगेतल्या.

त्याच पेटीत देठही वाळले होते. सड आणि वाळणं एकत्र कसं? आतलं प्लॅस्टिक लायनर फाटलं होतं. पेटीतल्या सल्फर पॅडचा बुरशी रोखणारा वायू निसटला, त्यामुळं बुरशीला मोकळं रान मिळालं. आणि त्याच भोकातून ओलावाही गेला. लाकडी पॅलेटचा वर आलेला खिळा तिथंच सापडला.

म्हणून त्या खिळ्याच्या बाजूच्या बारा पेट्या सगळ्या उघडल्या. पाचांची लायनर फाटलेली निघाली. त्यातले सडके घड आणि आजूबाजूचे मणी बंद पिशवीत भरून खोलीबाहेर नेले. बिया उडाव्यात तशा या बुरशीच्या बिजुकणांना हलका वाराही पुरतो. उरलेला निवडलेला माल संध्याकाळीच सोलापूरच्या बाजारात गेला. बाकी थप्पी जागेवरच राहिली, पण आठवड्यानं पुन्हा दहा पेट्या उघडायच्या ठरल्या.

खिळा मात्र हातोडीनं तेव्हाच ठोकला.